सायकल जागेवर लावणारा माणूस

अरुण माझा कोणी नाही. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा रवी हा माझा. अरुण त्याचा मित्र आणि ऑफिसातला सोबती. फ्रीमाँटमध्ये आमच्या घरांच्या एकाच रांगेत पाच दरवाजे सोडून तो राहतो. रवी मला मावशी म्हणायचा, म्हणून अरुणही म्हणू लागला. रवी गेल्यावरही तो तसंच म्हणतो. त्याच्याविषयी लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. मिशनच्या शाळेत सिस्टर्सनी रोज रात्री दिवसभराचं लिहून ठेवायची सवय लावली ती आजवर सुटलेली नाही, त्यामुळे तारखा आणि वेळा माझ्याकडे आहेत. उरलेलं मी त्याच्याच तोंडून ऐकलं आहे.

अरुण नागपूरचा. वडील टपाल खात्यात पत्रं वर्गवार लावायचं काम करत. एक पत्र चुकीच्या खणात गेलं तर कोणाची तरी नोकरी जाते, असं ते मुलांना सांगायचे. अरुण त्यावर वाढला. आम्ही बाकीचे अमेरिकेत आल्यावर ‘मला मान्य आहे’ या चौकोनावर न वाचता बोट ठेवायला शिकलो. तो सगळं शेवटपर्यंत वाचतो. दुकानातून सामान गाडीत भरलं की रिकामी ट्रॉली तो पार्किंगमधल्या तिच्या कठड्यात नेऊन लावतो, मग पाऊस असो की कठडा दूर असो. रवी गाडीत बसून काच खाली करून म्हणायचा, “अरुणराव, तिला रिटर्न तिकीटही काढून द्या. रात्री एकटी घाबरेल.” अरुण हसायचा आणि तरीही आधी ट्रॉली लावूनच यायचा.

रवी अगदी उलट. डोंबिवलीत वाढलेला, घाईचा, गमत्या. दोघे बॅटरीचे सुटे भाग तपासणाऱ्या विभागात होते. भाग चीनमधल्या सुझोऊच्या एका कारखान्यात बनत, म्हणून वर्षातून तीनचारदा तीन-तीन आठवडे दोघांना तिकडे जावं लागे. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये गेले तेव्हा रवीला नुकतंच डॉक्टरांनी बजावलं होतं की वजन उतरवा, रोज अर्धा तास तरी हालचाल करा. हॉटेल कारखान्यापासून तीन किलोमीटरवर. रस्त्यांच्या कडेला भाड्याच्या सायकली रांगेने उभ्या असत. रवी म्हणाला, टॅक्सी बंद, आता सायकल.

ती सायकल कशी घ्यायची हे त्यांना कारखान्यातल्या लिन नावाच्या तरुण इंजिनिअर मुलीने शिकवलं. फोनमधलं पैसे देण्याचं अॅप उघडायचं, सायकलच्या हँडलवरचा चौकोनी कोड कॅमेऱ्यासमोर धरायचा. पहिल्या वेळी पासपोर्टचा नंबर घालून ओळख पटवावी लागते. मग अनामतीचा पडदा येतो. ज्यांच्या नावावर तिथल्या अॅपचा पत-गुणांक असतो त्यांना अनामत माफ. परदेशी पाहुण्यांना तो नसतो, म्हणून या दोघांना एकशे नव्याण्णव युआन भरायला सांगितले. रवीने लगेच भरले. अरुणने लिनला तीन प्रश्न विचारले: परत कधी मिळणार, कोणत्या कार्डावर मिळणार, आणि ते कार्ड मधेच बदललं तर काय. लिनने खाली स्क्रोल करून उत्तरं वाचून दाखवली. तोवर रवी फाटकाला एक चक्कर मारून आला होता.

पैसे भरले की ब्लूटूथ चालू ठेवायचं. मागच्या चाकावरचं कुलूप टक् करून उघडतं आणि सायकलीतून एक बाई चिनीत काहीतरी सांगते. फोनवर नकाशा येतो. नकाशावर निळी रेघ असते. तिच्या आत सायकल चालवायची आणि आतच सोडायची. आत जागोजागी पार्किंगच्या खुणा असतात आणि काही तुकडे लाल असतात; तिथे सायकल लावायला बंदी. लाल तुकड्यात लावली तर दहा युआन जास्त. निळ्या रेघेबाहेर सोडली तर वीस, कारण कंपनीला माणूस पाठवून ती आत आणावी लागते.

हे सगळं अरुणने कॅमेऱ्यातून भाषांतर करणाऱ्या अॅपने वाचलं. तो फोन पडद्यावर धरतो आणि चिनी अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरं थरथरत उमटतात. ठळक अक्षरं नीट येतात, बारीक राखाडी अक्षरांचा चुरा होतो. एका फोनवरचा पडदा वाचायला दुसरा फोन लागतो, नाहीतर पडद्याचा फोटो काढून तो भाषांतराच्या अॅपमध्ये टाकावा लागतो. अरुण तसंच करायचा. त्याला दोन मिनिटं लागायची. रवी म्हणायचा, “तू वाच, मी तोवर रिटायर होतो.”

पहिल्याच शनिवारी रवीने त्याला कालव्याकाठचं एक जुनं गाव बघायला ओढून नेलं. गाव निळ्या रेघेच्या बाहेर होतं. अरुण पुलावरच थांबला. रवीने म्हटलं, वीस युआन म्हणजे तीन डॉलरसुद्धा नाहीत, चल यार. दोघांनी सायकली तिथे सोडल्या. रवीच्या कार्डातून वीस युआन गेले. अरुणच्या कार्डाला अमेरिकेतल्या बँकेने नकार दिला आणि ती रक्कम बाकी राहिली. ते त्याला कळलं सोमवारी सकाळी, हॉटेलखाली कोड दाखवल्यावर. कुलूप उघडेना. पडद्यावर आलं की आधीचं शुल्क भरल्याशिवाय नवी सायकल मिळणार नाही. फोनवर टॅक्सी मागवली तर रांगेत पंचेचाळीस जण पुढे होते. रवी आधीच पुढे गेला होता, म्हणून अरुण एकटाच चालत निघाला आणि वीस मिनिटं उशिरा पोचला. तेव्हा फ्रीमाँटहून त्याचा साहेब व्हिडिओवर बसलेला होता आणि त्याच्यावाचून कारखान्यातली सगळी लाइन थांबलेली होती. साहेबाने सर्वांसमोर विचारलं की काय झालं. अरुणने खरं सांगितलं. साहेब हसला. पैसे शेवटी लिनने तिच्या फोनवरून भरले. एका लहान मुलीने आपली बाकी भरली हे त्याला फार लागलं. त्यानंतर त्याने एकही सायकल पार्किंगच्या खुणेबाहेर लावली नाही.

आता मी तेवीस एप्रिलची संध्याकाळ लिहिते.

रवी त्या दिवशी चारलाच हॉटेलवर परतला होता. जेवल्यापासून छातीत जळजळ होती. अरुण सहानंतर निघाला आणि तळ्याच्या बाजूला फळं घ्यायला गेला. सहा अठ्ठावन्नला रवीचा फोन आला. अॅसिडिटी वाढली आहे, औषधाचं दुकान दिसलं तर काहीतरी घेऊन ये. अरुणने विचारलं, फार त्रास होतोय का? रवीचं उत्तर मला अरुणने शब्दशः सांगितलं आहे, कारण ते त्याला अजून रोज ऐकू येतं.

“अरे नाही रे. सावकाश ये. घाई काही नाही.”

आमच्या घरात सगळे असेच बोलतात. माझे वडील ताप एकशे तीन असताना ‘जरा कणकण आहे’ म्हणायचे. आपल्यासाठी कोणाची धावाधाव नको, दुसऱ्याला त्रास नको, हे आम्ही मुलांना आधी शिकवतो आणि बोलायला मागाहून. फ्रीमाँटमध्ये तेव्हा पहाटेचे चार वाजत होते. रवीने बायकोला, दीपाला, फोन केला नाही. तिची झोप मोडली असती.

औषधाच्या दुकानात अरुणने पोटाकडे बोट दाखवून गोळ्या घेतल्या. बाहेर सायकलचा कोड दाखवला. कुलूप सात वाजून चार मिनिटांनी उघडलं. सोळा मिनिटांत तो हॉटेलच्या दारात होता. तेवढ्यात रवीचा दुसरा फोन आला. सात वीस.

“किती वेळ रे?”

“पोचलो. खालीच आहे. सायकल लावतो आणि आलोच.”

“बरं,” रवी म्हणाला. आवाज बारीक होता. अरुणला तो झोपाळलेला वाटला.

हॉटेलसमोर रोजची पार्किंगची जागा होती. आदल्या दिवसापासून तिथला फुटपाथ उखडायला घेतला होता. अरुणने अॅपमधलं सायकल परत करण्याचं बटण दाबलं तर नकाशावर तो सगळा भाग लाल झालेला. वर एक चौकट आली. त्याने सवयीने तिचा फोटो काढला आणि भाषांतराच्या अॅपमध्ये टाकला. ठळक अक्षरं वाचता आली: इथे पार्किंगला बंदी आहे. सर्वांत जवळची जागा तीनशे चाळीस मीटरवर. तरीही इथेच परत करायची असेल तर दहा युआन. खाली दोन बटणं होती: ‘पार्किंगकडे न्या’ आणि ‘इथेच परत करा’. त्यांच्याखाली राखाडी रंगाची बारीक ओळ होती. तिचं भाषांतर तुटक आलं, म्हणून त्याने सोडून दिली.

दहा युआन म्हणजे दीड डॉलरच्या आत. त्याला पैशाचं काही नव्हतं, हे मी त्याच्यावतीने सांगते. त्याच्या डोळ्यांसमोर आधीचा तो सोमवार होता. कार्डाने पुन्हा नकार दिला तर खातं बंद, सकाळी कुलूप उघडणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या मालाच्या अखेरच्या तपासणीवर सही करायची होती. पुन्हा साहेब हसेल, पुन्हा ती मुलगी पैसे भरेल. आणि वर नुसती अॅसिडिटी होती, सावकाश ये म्हणून सांगितलेली.

त्याने ‘पार्किंगकडे न्या’ दाबलं.

ती जागा कोपऱ्यापलीकडे होती आणि गच्च भरलेली. त्याने दोन सायकली सरकवून मधे चाक घातलं. पुन्हा बटण दाबलं. फोन म्हणाला, तुम्ही जागेच्या बाहेर आहात. उंच इमारतींमध्ये नकाशावरचा ठिपका हलत राहतो, एका जागी टिकत नाही. त्याने सायकल काढून दुसऱ्या टोकाला लावली. तिथेही तेच. तिसऱ्या वेळी ठिपका आत आला. त्याने कुलूप खाली दाबलं, टक् झालं, बाई काहीतरी बोलली. सात एकतीस. मग तो चालत परत आला. पळाला नाही. हे त्याने स्वतःहून सांगितलं, मी विचारलं नव्हतं.

खोलीचं दार किलकिलं होतं. आपोआप बंद होऊ नये म्हणून रवीने त्यात स्वतःची चप्पल अडकवून ठेवली होती. तो दारापासून दोन पावलांवर पडला होता.

अरुणने आरडाओरडा केला, हॉटेलची माणसं धावली, एकाने छाती दाबली, रुग्णवाहिका नऊ मिनिटांत आली. रुग्णालयाच्या कागदावर वेळ आठ वाजून तेरा मिनिटं आहे. एकोणपन्नासावं वर्ष चालू होतं.

रवीला इकडे आणायला अकरा दिवस लागले. ते सगळं अरुणने केलं. वकिलात, कारखाना, विमान कंपनी, प्रत्येक फॉर्म शेवटपर्यंत वाचून भरला. दुसऱ्या कोणाला वीस दिवस लागले असते. त्याच दिवसांत कधीतरी त्याने सायकलच्या त्या चौकटीचा फोटो लिनला दाखवला आणि खालची राखाडी ओळ काय आहे ते विचारलं. लिनने वाचून सांगितलं. सायकल आत्ता इथे सोडली आणि दहा मिनिटांत पुन्हा उघडून योग्य जागी नेली, तर घेतलेलं शुल्क परत मिळतं.

मग ती रडू लागली. त्याने तिला सांगितलं की तुझं काही चुकलेलं नाही.

दहनाच्या दिवशी दीपाने त्याला एवढंच विचारलं, तू कुठे होतास? तो म्हणाला, औषध आणायला गेलो होतो. ते खोटं नव्हतं. तिने मान हलवली. त्यानंतर चार महिने अरुण रोज तिच्याकडे काहीतरी करायला जायचा. गटारीची जाळी, गाडीचं रजिस्ट्रेशन, विम्याची पत्रं. दीपा एकदा मला म्हणाली, मावशी, भाऊ असता तरी एवढं केलं नसतं. मी ते वहीत उतरवलं.

सप्टेंबरमध्ये रवीचा ऑफिसचा फोन कंपनीने लॉक काढून पाठवला. दीपाने दोन दिवस तो नुसता चार्जिंगला लावून ठेवला. तिसऱ्या दिवशी तिने मला बोलावलं आणि अरुणलाही. टेबलावर फोन ठेवला होता. सहा अठ्ठावन्नचा कॉल. सात वीसचा कॉल, अठरा सेकंद. पुढे काही नाही.

“हा दुसरा,” दीपा म्हणाली. “सात वीसला तुम्ही बोललात. काय बोललात?”

त्याने सांगितलं.

“म्हणजे सात वीसला तू खाली होतास.”

“हो.”

“आणि वर किती वाजता गेलास?”

स्वतःचा फोन काढून त्याने ते अॅप उघडलं आणि त्या दिवसाची फेरी तिच्यापुढे ठेवली. निळ्या रेघेच्या आत एक हिरवी वाट, औषधाच्या दुकानापासून हॉटेलपर्यंत सरळ, आणि पुढे कोपऱ्यावरून वळलेलं एक शेपूट. उघडलं, एकोणीस शून्य चार. बंद केलं, एकोणीस एकतीस. भाडं दीड युआन. पार्किंग शुल्क शून्य. मग त्याने त्या चौकटीचा फोटो दाखवला आणि एकेक ओळ वाचून अर्थ सांगितला. शेवटची राखाडी ओळसुद्धा. ती त्याने गाळली असती तरी आम्हा दोघींना कधी कळलं नसतं.

दीपाने फोन बराच वेळ हातात धरला होता. पडदा विझायचा, ती बोट लावून पुन्हा उजळायची.

“अकरा मिनिटं नुसती सायकलला,” ती म्हणाली. “तो दारात चप्पल अडकवून उभा होता, अरुण.”

“हो.”

“तू ट्रॉली लावून आलास.”

दीपाने फोन त्याच्याकडे सरकवला आणि सांगितलं, पुन्हा येऊ नकोस. आवाज चढवला नाही. तो उठला, खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली, आणि त्याच क्षणी आपण काय केलं ते त्याच्या लक्षात आलं असावं. खुर्चीवरचा हात त्याला काढता येईना. शेवटी मीच त्याला दारापर्यंत नेलं.

ती मिनिटं मिळाली असती तर रवी वाचला असता का, हे मी इथल्या आमच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. दीपाला मी तेच सांगितलं. तिने विचारलं, नाही म्हणाले नाहीत ना? मी म्हटलं, नाही.

डिसेंबरात दीपा देशाच्या दुसऱ्या टोकाला, आयसेलिनला बहिणीकडे राहायला गेली. सामान उचलायला आलेल्या ट्रकपाशी अरुण आला नव्हता. आपल्या खिडकीत उभा होता.

मी आता गाडी चालवत नाही. माझा मुलगा कामात असला की अरुण मला दुकानात नेतो. हे मी दीपाला कळवलेलं नाही. एकदा मी त्याला विचारलं की त्या अनामतीचं पुढे काय झालं. त्याने अॅप उघडून दाखवलं. एकशे नव्याण्णव युआन तसेच आहेत. खाली परत मागण्याचं बटण आहे, दाबलं की चार-पाच दिवसांत मूळ कार्डावर जमा होतात. त्याच्या पद्धतीप्रमाणे त्याने मला सगळ्या अटी सांगितल्या. बटण दाबलं नाही.

गेल्या गुरुवारी पाऊस होता. त्याने सामान गाडीत ठेवलं, मला बसवलं आणि ट्रॉली हातात धरून उभा राहिला. कठडा दूर होता, आणि शेजारीच फुटपाथपाशी कोणीतरी दोन ट्रॉल्या तशाच सोडल्या होत्या. मी काच खाली केली.

“अरुण, राहू दे ती. ये गाडीत.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग त्या दोन ट्रॉल्यांकडे पाहिलं. चष्म्यावरून पाणी गळत होतं. त्याला सोडवेना, हे मला दिसत होतं. तो वळला आणि ट्रॉली ढकलत कठड्याकडे गेला, तिथे ती आधीच्या रांगेत नीट आत घातली, आणि भिजत परत आला.

मी गाडीतल्या घड्याळाकडे पाहत बसले होते. दोन मिनिटं लागली. घरी आल्यावर मी वहीत तेवढंच लिहिलं.